काउंटर ऑफरला नकार देणारे पत्र कोण कोण वाचते

प्रश्न: मी पाच वर्षे एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आहे. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत निवड झाली, तिथे लेखी होकार दिला आणि इथे राजीनामा दिला. दोनच दिवसांत मॅडमनी (माझ्या मॅनेजर) ३० टक्के पगारवाढ आणि टीम लीडचे पद मंजूर करून आणले. मला जायचेच आहे. पण मॅडमनी मला काम शिकवले आहे, त्यांना दुखवायचे नाही. नकार लेखी द्यायचा आहे, तो कसा लिहू?

उत्तर: हे पत्र कुठे कुठे फिरते ते आधी सांगते, कारण ते कसे लिहायचे हे त्यावरूनच ठरते. मनुष्यबळ विभागात असल्यामुळे अशी पत्रे मी बरीच वर्षे घेणाऱ्याच्या बाजूला बसून वाचत आले आहे.

दोन दिवसांत ३० टक्के वाढ आणि पद मिळते, तेव्हा आत बरेच काही घडलेले असते. तुमच्या मॅडम आपल्या वरिष्ठांकडे गेल्या असतील आणि या माणसाला का थांबवायचे हे त्यांनी पटवून दिले असेल. मग आमच्या विभागाने पाहिले असेल की एवढी वाढ तुमच्या श्रेणीत बसते का आणि त्याच पातळीवरच्या इतरांशी किती तफावत पडते. वार्षिक पगारवाढीची वेळ नसताना वाढ द्यायची म्हणजे अपवाद, आणि अपवादावर कोणीतरी सही करावी लागते. या सगळ्याची मेल कंपनीत शिल्लक असते आणि तिच्यात मॅडमचा शब्द असतो.

तुमचा नकार आला की मॅडम तो त्याच लोकांना पुढे पाठवतील. वरिष्ठ त्यात पाहतील की विषय संपला का, की आणखी थोडे वाढवले तर हा माणूस थांबेल. आम्ही शेवटची तारीख पाहू, म्हणजे रिकाम्या जागेची भरती सुरू करता येईल. आणि मॅडमना अशा पत्राची गरज असते जे काही न जोडता पुढे पाठवता येईल. पत्र मोघम असेल तर वरून उत्तर येते, ‘पुन्हा एकदा बोलून बघा.’ पत्रात तक्रारीचा सूर असेल तर प्रश्न येतो, ‘ही गोष्ट तुमच्या आधी लक्षात कशी आली नाही?’ दोन्ही वेळा उत्तर मॅडमना द्यावे लागते. म्हणून ज्या पत्रामुळे मॅडमना वर कुणालाही काही समजावत बसावे लागत नाही, तेच पत्र त्यांना सर्वांत कमी दुखवते. गोड शब्दांचा नंबर त्यानंतर.

लिहिण्याआधी बोला. ऑफर मिळाल्यापासून एक-दोन कामाच्या दिवसांत मॅडमना समक्ष भेटा, ते शक्य नसेल तर फोन करा, आणि पत्र त्याच दिवशी पाठवा. विचाराला शुक्रवारपर्यंत वेळ मागितला असेल तर शुक्रवार ओलांडू नका. तोपर्यंत मॅडमनी भरतीची मागणी थांबवलेली असते आणि मंजूर झालेली वाढ तशीच लटकलेली असते. तुम्ही जितके लांबवाल तितकी त्यांची होकाराची आशा वाढते, आणि मग तोच नकार जास्त लागतो.

समक्ष बोलताना पहिल्या वाक्यातच निर्णय सांगा: ‘मॅडम, मी नीट विचार केला, आणि जायचा निर्णय कायम ठेवतो आहे.’ आभार त्यानंतर. बहुतेक जण भिडेपोटी उलटे करतात. आधी पाच मिनिटे कौतुक चालते, समोरच्या व्यक्तीला वाटते होकार येतो आहे, आणि मग ‘पण’ येतो. पत्रात मात्र क्रम फिरवता येतो. निर्णय त्यांना आधीच कळलेला असतो, त्यामुळे तिथे आभारांनी सुरुवात केली तरी कुणाची फसगत होत नाही.

आता लोक बहुधा कसे लिहितात ते पाहू. तुमच्या परिस्थितीला लागू पडेल असा एक मसुदा करून देते. मन चांगले असलेली माणसे साधारण असेच लिहितात.

> नमस्कार मॅडम,
> तुम्ही दिलेल्या ऑफरबद्दल खूप खूप आभार. मी बराच विचार केला, पण सध्या तरी मला वाटते की नवीन संधी घेणे माझ्यासाठी योग्य ठरेल. तिथे मला नवीन प्रकारचे काम शिकायला मिळेल, प्रवासही कमी होईल आणि पगारही थोडा जास्त आहे. हीच वाढ मार्चमध्ये मिळाली असती तर कदाचित मी बाहेर बघितलेही नसते. कृपया गैरसमज नसावा. तुमचे मार्गदर्शन मला कायम हवे आहे.

वाचायला सभ्य वाटते. पण हे वर गेल्यावर काय होते ते बघा.

‘सध्या तरी मला वाटते’ हे नम्रपणे लिहिलेले असते. वरिष्ठ मात्र ते वाचून म्हणतात की याचे अजून ठरलेले नाही. ‘योग्य ठरेल’ मध्येही तीच डळमळ आहे. मग लगेच दुसरी बैठक ठरते, आणि ज्या नकाराची तुम्हाला धास्ती होती तो तुम्हाला आणखी मोठ्या माणसासमोर पुन्हा द्यावा लागतो.

त्याहून जास्त त्रास कारणांच्या यादीने होतो. तुम्ही तीन कारणे लिहिलीत ती आपली बाजू समजावी म्हणून. वाचणाऱ्याच्या हातात मात्र तीन अटी पडतात. नवीन काम हवे आहे? पुढच्या प्रकल्पात घेऊ. प्रवासाचा त्रास आहे? दोन दिवस घरून करा. पगार थोडा कमी पडतो? तेवढा भरून काढू. तिन्ही पूर्ण झाल्या आणि तरी तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर मॅडमना वाटणार की कारणे खरी नव्हतीच. जो दुरावा तुम्हाला टाळायचा होता तो इथे तयार होतो, नकारामुळे नव्हे.

‘हीच वाढ मार्चमध्ये मिळाली असती तर’ हे वाक्य कदाचित खरे असेल. पण पुढे गेलेल्या पत्रात ते मॅडमवरचा आरोप होते. त्यांनी मार्चमध्ये तुमच्यासाठी काय मागितले होते आणि काय नाकारले गेले, हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि ‘गैरसमज नसावा’ वाचल्यावर माणूस गैरसमज करून घेण्याजोगे काय आहे ते शोधू लागतो. एवढे सगळे आहे, पण शेवटची तारीख नाही, कामाचे काय होणार ते नाही, आणि मॅडमनी नेमके काय केले त्याचाही उल्लेख नाही. आभार ‘ऑफर’चे मानलेत. ऑफर कंपनीने दिली, धावपळ मॅडमनी केली.

मी असे लिहीन:

> विषय: राजीनामा कायम ठेवत असल्याबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> सकाळी आपले बोलणे झाले, तेच लेखी कळवतो आहे.
>
> टीम लीडचे पद आणि पगारातला बदल वर्षाच्या मध्येच मंजूर करून घेण्यासाठी तुम्ही माझ्याकरिता शब्द टाकलात. तुमच्या कामाच्या गर्दीत दोन दिवसांत हे घडवून आणणे सोपे नव्हते, याची मला जाणीव आहे. मी तुमचा मनापासून आभारी आहे.
>
> पूर्ण विचार करून मी राजीनामा कायम ठेवतो आहे. मला वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेच्या कामात जायचे आहे आणि ते काम आपल्या कंपनीत होत नाही. हा निर्णय अंतिम आहे.
>
> माझा शेवटचा दिवस राजीनाम्यात दिलेला, म्हणजे ३० तारीखच राहील. पुरवठादारांच्या तपासणीचे वेळापत्रक, ऑडिटमधले बंद न झालेले मुद्दे आणि चालू तक्रारी यांची यादी शुक्रवारपर्यंत तुम्हाला देतो. काम कोणाकडे सोपवायचे ते तुम्ही ठरवलेत की सोमवारपासून त्यांच्यासोबत बसेन.
>
> पहिल्या वर्षी ग्राहकाच्या तक्रारीचा अहवाल तुम्ही माझ्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला होता, लक्षण आणि मूळ कारण वेगळे दिसेपर्यंत. आजही प्रत्येक अहवाल मी तसाच तपासतो.
>
> आपला,

फोनच्या पडद्यावर थोडेसे सरकवले की संपेल एवढेच हे पत्र आहे. याहून लांब झाले की माणूस समर्थन करू लागला असे वाटते.

यातले कारण पहा. ते एकच आहे, खरे आहे, आणि कंपनी कितीही इच्छा असली तरी ते पुरवू शकत नाही. कारण निवडताना मी हीच कसोटी लावते. ‘नवीन काही शिकायचे आहे’ हे कारण या कसोटीवर टिकत नाही, कारण शिकायला इथेही देता येते. तुमचे सुदैव की क्षेत्रच बदलते आहे. ज्यांचे तसे नसते, जे तशाच कामासाठी जास्त पगारावर जातात, त्यांनी कारण देऊच नये. ‘सर्व बाजूंनी विचार करून मी राजीनामा कायम ठेवतो आहे’ एवढे पुरे असते. काउंटर ऑफर का नाकारली याचा हिशेब देणे कुणालाही बंधनकारक नाही. खोटे कारण मात्र कधीच देऊ नका. घरच्या अडचणीचे कारण देऊन गेलेल्या माणसाची नवी नेमणूक पुढच्याच महिन्यात त्याच्या लिंक्डइन प्रोफाइलवर झळकते, आणि पाच वर्षांच्या चांगल्या कामावर ते एक वाक्य पाणी फिरवते.

‘अंतिम’ हा शब्द अनेकांना कठोर वाटतो आणि ते तो गाळतात. तो ठेवा, पण एकदाच. या पत्रात मॅडमच्या सर्वांत उपयोगाचा शब्द तोच आहे, कारण ‘पुन्हा बोलून बघा’ असे वरून आले तर त्या या शब्दाकडे बोट दाखवू शकतात. दोनदा लिहिलात तर मात्र तुम्ही चिडून लिहिले असे दिसेल.

पत्रात आकडा नाही हेही लक्षात घ्या. ना ३० टक्के, ना नव्या ठिकाणचा पगार. पत्र कुणाकुणाकडे जाईल ते तुमच्या हातात नसते, आणि त्या साखळीत तुमच्या पातळीवरचा पगार घेणाराही कुणी असू शकतो. शिवाय दोन आकडे शेजारी आले की वाचणारा आधी त्यांची वजाबाकी करतो.

तारीख पुन्हा लिहिण्याचेही कारण आहे. काउंटर ऑफरच्या बोलण्यात राजीनामा काही दिवस अधांतरी राहतो. ‘तेव्हा आपण बोलत होतो, त्यामुळे नोटीस आज सुरू झाली’ असे एखाद्या ठिकाणी म्हटले जाऊ शकते, आणि मग नवीन कंपनीची रुजू होण्याची तारीख हुकते. ‘राजीनाम्यात दिलेला’ हे दोन शब्द तो वाद तिथल्या तिथे मिटवतात.

आणि शेवटची आठवण. पत्रात जिव्हाळा येतो तो तिच्यामुळे. ‘तुमच्याकडून खूप शिकलो’ हे वाक्य कुणाच्याही पत्रात चिकटवता येते, म्हणून ते कुणालाच पोचत नाही. तक्रारीच्या अहवालाचा प्रसंग मात्र तुम्हा दोघांचाच आहे. अशी आठवण एकच द्या आणि ती कामाचीच असू द्या, कारण पत्र त्रयस्थही वाचणार आहे. तुम्ही ती बदलून तुमची खरी आठवण घालाल हे मी धरूनच चालते आहे. माझ्या मसुद्यातली तशीच उचललीत तर मॅडमना पहिल्या ओळीत कळेल.

पत्र मॅडमनाच पाठवा. राजीनाम्याच्या मेलमध्ये मनुष्यबळ विभागाला प्रत दिली असेल तर इथेही द्या. मॅडमच्या वरिष्ठांना मात्र प्रत देऊ नका. त्यांच्याकडे मॅडमनी शब्द टाकला होता, तेव्हा तिथला निरोपही त्यांच्याच तोंडून जाऊ द्या. वरिष्ठांनी स्वतः फोन करून तुम्हाला थांबवायचा प्रयत्न केला असेल, तर मॅडमना पत्र गेल्यावर त्यांना आभाराच्या दोन ओळी वेगळ्या लिहा.

पत्र लागू पडले की नाही हे पहिल्या उत्तरातच दिसते. ‘ठीक आहे, काम अमुक अमुककडे द्या’ असे आले तर विषय मिटला, मग उत्तर कितीही कोरडे असो. कोरडेपणाने घाबरून लगेच दुसरे, माफीच्या सुराचे पत्र लिहू नका. त्यांना वाईट वाटले आहे आणि त्याला थोडे दिवस लागतील. ‘एकदा भेटून बोलू’ असे आले तर कुठेतरी फट राहिली आहे असे समजा. आणि ‘नेमके काय केले तर थांबाल?’ असे आमच्याकडून आले, तर तुमचे कारण किंमत म्हणून वाचले गेले आहे.

दुसरी ऑफर आली तर तिचे उत्तर पहिल्यापेक्षा छोटे असावे. नवे कारण नको, कारण नव्या कारणावर नवी ऑफर येते.

> मॅडम, तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात याचे मोल मला कळते. माझा निर्णय मंगळवारच्या पत्रात कळवला तोच आहे. कामाची यादी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देतो.

काही वेळा दुसऱ्या फेरीत पैसे येतच नाहीत, विनंती येते: ‘निदान तीन महिने तरी थांबा.’ ही काउंटर ऑफर नाही, तारखेबद्दलची मागणी आहे, आणि तिचा विचार वेगळा करा. नवीन कंपनीची लेखी संमती असेल तर आठवडाभर पुढे जाणे शक्य आहे का ते बघा. ते जमणार नसेल तर मदत द्या, पण तिला हद्द घाला: ‘गेल्यानंतर पहिले दोन आठवडे काही अडले तर संध्याकाळी फोन करा.’ ‘केव्हाही फोन करा’ असे मोकळे आश्वासन देऊ नका. नव्या नोकरीच्या करारात बहुधा दुसरीकडे काम करण्यावर बंधन असते, आणि दिलेला शब्द पाळता आला नाही की न दिल्यापेक्षा जास्त कटुता येते. फोनवर आपण जुनी माहिती सांगतो आहोत, जुन्या कंपनीचे काम करत नाही, एवढे भान राहू द्या.

यानंतरची एक गोष्ट पत्रात नाही, पण संबंध बहुतेक वेळा तिथेच बिघडतात. नोटीसच्या काळात सहकारी विचारतात, ‘थांबवायला काय देत होते?’ आकडा सांगू नका, जवळच्या मित्रालाही नाही. तो आकडा आठवडाभरात मॅडमच्या टेबलावर येतो, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून: ‘त्याला देत होतात, मग मला का नाही?’ मॅडमनी तुमच्यासाठी अपवाद केला होता. तुम्ही गेल्यावरही त्याची उत्तरे त्यांनाच देत बसावी लागतात, आणि तेव्हा त्यांना तुमचे सुंदर पत्र आठवत नाही. ‘चांगली ऑफर होती, पण मला क्षेत्र बदलायचे होते’ एवढेच सगळ्यांना सांगा. नव्या कंपनीलाही हा आकडा दाखवू नका. होकार दिल्यानंतर तो दाखवणे म्हणजे तिथे पुन्हा घासाघीस सुरू करणे होय.

शेवटच्या आठवड्यात एक्झिट इंटरव्ह्यू होईल. तिथेही कारण विचारतील, आणि पाच वर्षांत साचलेले बरेच काही बोलावेसे वाटेल. कामाच्या पद्धतीत सुधारण्याजोगे काही असेल तर जरूर सांगा, आम्हाला ते हवे असते. पण जाण्याचे कारण पत्रात लिहिले तेच सांगा. ती नोंद आणि तुमचे पत्र एकाच फाइलमध्ये लागतात, आणि पुढे कधी तुम्हाला परत यायचे झाले किंवा कुणी तुमच्याबद्दल चौकशी केली, तर आम्ही दोन्ही कागद एकत्रच उघडतो.